वायरलेस सेन्सर दर 10 मिलिसेकंदांनी माप पाठवतो आणि बॅटरी टिकत नाही. इव्हेंट-ट्रिगर्ड कंट्रोल लावायचं तर थ्रेशोल्ड कसा ठरवायचा?

आकडा नंतर, आधी थ्रेशोल्ड सापेक्ष हवा की स्थिर ते ठरवा. ताबुआदा यांच्या 2007 च्या पेपरपासून सापेक्ष नियम फार वापरला जातो: शेवटचं पाठवलेलं माप आणि आत्ताचं माप x यांतला फरक x च्या ठरावीक पटीइतका झाला की पाठवा. स्थिरतेची सिद्धता त्यात सुबक होते. बॅटरीचं मात्र वेगळं आहे. एक छोटी, मुळात अस्थिर प्रणाली घ्या:

```
x' = x + u,  u = -2*xk,  e = xk - x
```

xk म्हणजे शेवटचं पाठवलेलं माप. |e| हे |x| च्या निम्म्याहून कमी राहिलं तर x शून्याकडे जातोच, म्हणून सुरक्षित बाजूने 0.25 पट धरू. समीकरण सोडवलं की पुढचा संदेश नेहमी ln 1.2, म्हणजे सुमारे 0.18 सेकंदांनी येतो. xk कितीही असो, अंतर तेच! म्हणजे एवढा खटाटोप करून हाती आलं ते साधं ठरावीक वेळेचं सॅम्पलिंग, आणि x नगण्य झाला तरी ते थांबत नाही.

आता स्थिर थ्रेशोल्ड, |e| = 0.1. x = 1 पासून निघालं तर प्रत्येक संदेशामागे x 0.1 ने उतरतो: 0.9, 0.8… सुमारे 2.4 सेकंदांत शून्य. संदेश 11; तुमच्या 10 मिलिसेकंदांच्या हिशोबाने ते 240 झाले असते. बाहेरून धक्का बसला नाही तर त्यानंतर शांतता. किंमत अशी की धक्के बसत राहिले तर x नेमका शून्यावर टिकत नाही. या प्रणालीत तो अखेर थ्रेशोल्डच्या दुप्पट अधिक सर्वांत मोठा धक्का, एवढ्या पट्ट्यात राहतो. तेव्हा किती चूक चालेल ते ठरवा आणि थ्रेशोल्ड तिथून उलटा काढा.

खालची मर्यादा नॉइज ठरवतो. माप ±0.02 ने थरथरत असेल तर दोन मापांतला फरक नुसत्या नॉइजने 0.04 होऊ शकतो. थ्रेशोल्ड त्याच्या वर हवा. प्रणाली स्थिरावलेली असूनही संदेशांची सरबत्ती चालू असेल, तर आधी हेच तपासा. सापेक्ष नियमात हा त्रास हमखास होतो, कारण शून्याजवळ थ्रेशोल्डही शून्य होतो.

अॅक्च्युएटरही बॅटरीवर असेल तर त्याचा रिसीव्हर बघा. संदेश कधी येईल हे माहीत नसल्याने तो सतत ऐकत बसला, तर सेन्सरने वाचवलेली ऊर्जा तिकडे जाते. बऱ्याच रेडिओंत ऐकण्याचा खर्च पाठवण्याच्या जवळपास असतो. म्हणून अट ठरावीक वेळांनाच, समजा दर 50 मिलिसेकंदांनी, तपासा आणि रिसीव्हर तेवढ्यापुरताच उघडा. त्या उशिरात फरक थोडा जास्त वाढेल, तेवढा थ्रेशोल्ड आधीच कमी धरा. शिवाय काही सेकंदांनी एक ‘जिवंत आहे’ संदेश ठेवा, नाहीतर शांतता आणि हरवलेलं पॅकेट यांतला फरक अॅक्च्युएटरला कळणार नाही.