व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके' म्हटलंस की सौदा झाला का?

अरे, स्टॅम्पपेपर नाही म्हणजे सौदा नाही असं डोक्यातनं काढ, आयटी कायद्याचं कलम 10अ सरळ सांगतं की प्रस्ताव नि होकार मेसेजवर, ईमेलवर झाला एवढ्याच कारणाने करार रद्दबातल होत नाही. घोळ होतो तो होकारात.

समज तू देवगडातनं लिहिलंस, हापूसच्या पन्नास पेट्या, पाच डझनी, पेटी 2500 ने, उचल 10 एप्रिलला. पुण्याचा व्यापारी म्हणाला, "ओके, पण 2300 लावा." हा होकार नव्हे बाबा, हा त्याचा नवा प्रस्ताव, नि तुझा 2500 चा तिथेच संपला. दोन दिवसांनी भाव चढल्यावर तो "बरं, 2500 ला घेतो" म्हणाला तरी तू बांधील नाहीस, पण तू आता "चालेल" टाकलंस की मग अडकलास. निळ्या टिका म्हणजे होकार नाही, गप्प राहणंही सहसा नाही. अंगठ्याचं मात्र सांभाळ, 2023 मध्ये कॅनडातल्या एका कोर्टाने जवसाच्या सौद्यात अंगठ्याचा इमोजी सही धरला, आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, तरी नुसतं 'वाचलं' सांगायचं तर तसंच लिही. नि चॅट डिलीट करू नकोस, पुरावा तोच.