पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं नसतं

"ताई, माझं बाळ सव्वाचार महिन्यांचं आहे, अंगावरच पितं. पाळी अजून आलेली नाही. सासूबाई म्हणतात, पाजतेस तोवर काळजी नाही. पण माझ्या मैत्रिणीला पाळी न येताच दिवस गेले. मला आत्ताच काही वापरायला हवं का?"

आज तुम्ही बहुधा सुरक्षित आहात. ही सुरक्षितता कशावर उभी आहे आणि कोणत्या दिवशी संपते हे मात्र तुम्हाला नेमकं माहीत असायला हवं. सासूबाई आणि मैत्रीण, दोघींचंही खरं कसं असू शकतं, हे आमच्या कुटुंब नियोजन कक्षात आलेल्या दोन जावांच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

धाकट्या जावेचं बाळ साडेचार महिन्यांचं होतं. तिला पुढच्या आठवड्यात द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामावर जायचं होतं. थोरली सोबत आली होती आणि तीच आधी बोलली, "मॅडम, हिला नीट सांगा. मी फसलेय." तिचं पहिलं मूल नऊ महिन्यांचं असताना पुन्हा दिवस राहिले होते. बाळंतपणानंतर पाळी एकदाही आली नव्हती, म्हणून तिला शंकाही आली नाही. मळमळ झाली ती पित्तावर घातली. पोटात हालचाल जाणवायला लागली तेव्हा सोनोग्राफी केली, तर पाचवा महिना चालू होता.

मी तिला त्या दिवसांतलं बाळाचं खाणंपिणं विचारलं. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं होतं. नवव्या महिन्यात बाळ दोन वेळा वरण-भात, एकदा नाचणीचं सत्त्व खायचं. दिवसा दोनदा आणि रात्री झोपताना एकदा अंगावर प्यायचं. म्हणजे ती पाजत होती हे खरं, पण तेवढ्या पाजण्याने गर्भधारणा रोखली जात नाही.

बाळ स्तन ओढतं तेव्हा तिथून मेंदूला एक संदेश जातो. त्या संदेशामुळे बीजकोशाला जागं करणारी संप्रेरकं दबलेली राहतात, बीज पिकत नाही आणि पाळीही येत नाही. काम होतं ते या ओढण्याने. दूध किती येतं याला इथे फारसं महत्त्व नाही. ओढणं वारंवार, दिवसरात्र चालू राहिलं तरच बीजकोश झोपलेले राहतात. वरचं खाणं सुरू झालं, रात्रीचं पाजणं सुटलं की संदेश विरळ होतो आणि एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडतं. पाळी येते ती बीज बाहेर पडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास संबंध आला आणि गर्भ राहिला, तर पाळी येतच नाही. थोरलीच्या बाबतीत हेच झालं, आणि तुमच्या मैत्रिणीचंही बहुधा असंच झालं असावं.

मग पहिल्या सहा महिन्यांतच भरवसा का? कारण त्या काळात बाळ पूर्ण अंगावर असेल, तर बहुतेक बायकांना बीज बाहेर पडण्याआधी एखादी पाळी येऊन जाते, म्हणजे शरीर आधी सूचना देतं. सहा महिन्यांनंतर सूचना न देताच बीज बाहेर पडण्याची शक्यता वाढत जाते. 1988 साली इटलीतल्या बेलाजिओ इथे जगभरातले तज्ज्ञ जमले आणि त्यांनी पाजण्यावर विसंबून गर्भ टाळण्याच्या या पद्धतीच्या अटी ठरवल्या. तिला आम्ही लॅम म्हणतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको, आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावर हवं. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या तर सहा महिन्यांत 100 पैकी दोघींपेक्षा कमी बायकांना दिवस राहतात. गोळ्या किंवा निरोध रोजच्या वापरात जेवढं संरक्षण देतात, त्याहून हे कमी नाही. म्हणूनच सासूबाईंचं म्हणणं मी कधी खोडून काढत नाही. त्याला फक्त मुदत आणि अटी जोडते.

धाकटीला मी एकेक अट विचारत गेले. बाळंतपणानंतर अंगावरून कधीपर्यंत जात होतं? "सव्वा महिना जात होतं. नंतर मध्येच एक दिवस डाग दिसला." पहिल्या आठ आठवड्यांतलं जाणं पाळीत धरत नाहीत. त्यानंतर सलग दोन दिवस रक्तस्राव झाला, किंवा तुम्हाला स्वतःला ती पाळीच वाटली, तर मात्र पाळी आली असं समजायचं, मग ती कितीही थोडी असो. तिचा डाग सातव्या आठवड्यातला होता, म्हणून ही अट शाबूत होती.

दुसरा प्रश्न पाजण्याचा. इथे "फक्त अंगावरच" या उत्तरावर मी थांबत नाही, कारण आपल्या घरांत बाळाच्या तोंडात बरंच काही जात असतं. सकाळी गुटी उगाळून चमचाभर द्यायची. ऊन वाढलं की आजी दुपारी दोन-तीन चमचे पाणी पाजायच्या. चमचाभर गुटीने लॅम मोडत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाण्याची गरजच नसते, आईच्या दुधात ते पुरेसं असतं. पाण्याने पोट भरलं की बाळ तेवढं कमी ओढतं, शिवाय जुलाबांचा धोका असतो तो वेगळाच. गुटीतूनही जंतू जाऊ शकतात, तेव्हा तीही न दिलेली बरी, हे मी तिला सांगितलं. वरचं दूध, बिस्किट, पेज यांच्या वेळा ठरून गेल्या की मोजदाद करावी लागते. बाळाच्या चार वेळांपैकी तीनहून अधिक वेळा अंगावरच्या असतील तर ते जवळजवळ पूर्ण धरता येतं, त्याहून कमी असतील तर नाही.

नंतर अंतराचा प्रश्न. दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडायला नको. तिचं बाळ रात्री अकराला प्यायचं, मग पहाटे चार-साडेचारला. हे बसत होतं. एखाद्या रात्री बाळ सात तास झोपलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ते रोजचंच झालं तर या पद्धतीवर विसंबू नये.

म्हणजे त्या दिवशी तिच्या तिन्ही अटी पूर्ण होत्या. पण सोमवारपासून सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच ती घराबाहेर राहणार होती. "मी दूध काढून ठेवेन ना, वाटीने पाजतील आई," ती म्हणाली. बाळासाठी ते उत्तमच, आणि ते जरूर करावं. गर्भ रोखण्यासाठी मात्र हाताने किंवा पंपाने काढलेलं दूध बाळाच्या ओढण्याइतकं भरवशाचं नाही. त्यात दिवसाचा नऊ तासांचा खंड. कामावर जाणाऱ्या, दूध काढून ठेवणाऱ्या बायकांचा चिलीमध्ये अभ्यास झाला होता. त्यात सहा महिन्यांत 100 पैकी सुमारे पाच जणींना दिवस राहिले. ही पद्धत पूर्ण कोसळते असं नाही, पण धोका स्पष्टपणे वाढतो. तिला पहिलं मूल सिझेरियनने झालं होतं आणि निदान दोन-तीन वर्षं पुढचं नको होतं. अशा बाईने तो धोका घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी तिला सांगितलं.

तिच्या बाबतीत एक गोष्ट फार सोयीची होती. तिन्ही अटी पूर्ण असताना बाई गरोदर नाही हे जवळजवळ नक्की असतं. त्यामुळे पाळीची वाट न पाहता दुसरं साधन त्याच दिवशी सुरू करता येतं. अट मोडल्यानंतर आली असती तर आधी तपासणीत अडकली असती. थोरलीसारख्या कितीजणी "पाळी आली की तांबी बसवू" म्हणत थांबतात आणि ती पाळी येतच नाही.

पाजणाऱ्या आईला चालणारी साधनं तिच्यासमोर ठेवली. निरोध कधीही चालतो. छाया गोळीत संप्रेरक नसतं. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारीच घ्यायची आणि नंतर आठवड्यातून एकदा. अंतरा इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवडे झाले की दर तीन महिन्यांनी मिळतं. दुधावर त्याचा परिणाम होत नाही, पण बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. रोज घ्यायची माला-एन सारखी गोळी मात्र पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेऊ नये, कारण तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं. मैत्रिणीकडची किंवा दुकानातली गोळी न विचारता सुरू करू नका, ती यासाठीच.

धाकटीने तांबी निवडली. "गोळीचा वार कामाच्या गडबडीत चुकेल," असं तिचंच म्हणणं होतं. नवऱ्याशी फोनवर बोलून घेतलं, डॉक्टरांनी आतून तपासलं आणि तांबी त्याच दुपारी बसली. पहिले काही महिने पाळी आली तर जास्त जाईल, पोटात कळा येतील, हे आधीच सांगितलं. ताप, ओटीपोटात तीव्र दुखणं किंवा घाण वासाचा स्राव झाला तर लगेच यायला सांगितलं.

आता तुमच्याबद्दल. बाळ पूर्ण अंगावर असेल, रात्रीही पीत असेल आणि तुम्ही घरीच असाल, तर आज लगेच काही वापरलंच पाहिजे असं नाही. मनाला धाकधूक वाटत असेल तर निरोध वापरा, त्यात काहीच चूक नाही. पण पुढचं साधन कोणतं हे आत्ताच ठरवून ठेवा, आणि बाळाचं उष्टावण होण्याआधी ते सुरू करा. त्याआधी तुम्ही कामावर जाऊ लागलात, वरचं दूध सुरू झालं किंवा पाळी दिसली, तर त्याच दिवसापासून लॅम संपली असं धरा.

मधल्या काळात अट मोडली आणि संबंध आला असेल, तर तीन दिवसांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी पाजणाऱ्या आईलाही चालते, आणि ती जितक्या लवकर घ्याल तितकी बरी. जास्त दिवस उलटून गेले असतील तर आशाताईंकडून निश्चय किट घेऊन सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. ती नकारार्थी आली तरी निरोध वापरत राहा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण अगदी नवा गर्भ पहिल्या तपासणीत दिसत नाही.