व्याजावर चालणारी स्कॉलरशिप: 14 मुलं की 9?

प्रश्न: सर, ठाण्यातल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ट्रस्ट काढून 30 लाख जमवलेत. डीडमध्ये स्पष्ट लिहिलंय की मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. 7 टक्क्यांनी 2 लाख 10 हजार येतील, म्हणून कॉलेजच्या 14 मुलांना 15-15 हजार द्यायचा विचार आहे. निवडीसाठी लेखी परीक्षा घ्यायची तर हॉल, पेपर, तपासणी धरून 40 हजार लागतील, ते सभासद वर्गणी काढून भरतील. बरोबर आहे का?

उत्तर: 14 चा आकडा सोडा, 9 धरा. सगळं व्याज वाटलं तर मुद्दल कागदावर 30 लाखच राहील पण फिया वाढतच जाणार, म्हणजे दहा वर्षांनी तेच 15 हजार मुलाला पुरणार नाहीत. म्हणून व्याजातले 15 टक्के, म्हणजे 31,500, दरवर्षी परत मुद्दलात टाका. ट्रस्टची आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदणी असेल तर उत्पन्नातला 85 टक्के भाग कामावर खर्च करायचा असतो आणि 15 टक्के बिनशर्त बाजूला ठेवता येतो, त्यामुळे हे नियमातही बसतं. नोंदणी अजून केली नसेल तर आधी ती करा, आणि प्रत्येक देणगीदाराकडून रक्कम कॉर्पससाठीच, म्हणजे मुद्दलासाठीच, दिलीय असं लेखी घ्या, नाहीतर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाऊ शकते.

उरले 1,78,500. यातून ऑडिट आणि रिटर्नचे 15 हजार, निवडीचे 10 हजार, बँक आणि किरकोळ 3 हजार असं धरलं (तुमच्या सीएची फी विचारून घ्या) की वाटायला 1,50,500 राहतात. वर्गणी काढू म्हणताय, पण ती पहिल्या वर्षी उत्साहात जमते आणि तिसऱ्या वर्षी चार जणच देतात, म्हणून निवडीचा खर्च व्याजातूनच भागला पाहिजे. लेखी परीक्षा तर नकोच. मार्क कॉलेजकडून मिळतात, तुम्हाला बघायचंय ती घरची परिस्थिती, आणि ती पेपरात दिसत नाही. कॉलेजकडून फॉर्म मागवा, 20 नावं काढा आणि दोघा-दोघांनी घरी जाऊन या. कळवा, मुंब्रा, वागळे इस्टेट, लोकमान्य नगर, सगळं रिक्षाच्या अंतरावर आहे, 10 हजारांत होतं. या भेटींवर मात्र काटछाट करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजचा मुलगा निवडला की तुम्ही तीन वर्षांचा शब्द देताय, दुसऱ्या वर्षी फंडात पैसे नाहीत म्हणून त्याला सोडता येत नाही. पहिल्याच वर्षी एफवायची 9 मुलं घेतली तर पुढची दोन वर्षं नवीन एकही घेता येणार नाही. दरवर्षी एफवायची तीनच घेतली तर सुरुवातीची दोन वर्षं पैसे पडून राहतील आणि 85 टक्क्यांचा नियम आडवा येईल, मग ते साठवतोय असं आयकर खात्याला ठराविक फॉर्म भरून कळवावं लागेल. त्यापेक्षा पहिल्याच वर्षी एफवाय, एसवाय, टीवाय प्रत्येकातून तीन-तीन घ्या. दरवर्षी तीन बाहेर पडतील, तीन नवीन येतील, खर्च कायम 1,35,000. वर 15,500 उरतात, तेवढेच त्या फॉर्मवर दाखवा आणि वेगळ्या खात्यात राहू द्या, त्यांचं काम पुढे येतंय.

एफडी क्युम्युलेटिव्ह करू नका, त्यात व्याज मुदत संपल्यावरच हातात येतं. तिमाही व्याजाची घ्या आणि ती जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्याज जमा होईल अशा तारखेला करा. बँक 10 टक्के टीडीएस कापेल, म्हणजे वर्षाला 21 हजार रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत अडकतील. म्हणून स्कॉलरशिप दोन हप्त्यांत द्या, निम्मी सप्टेंबरमध्ये आणि निम्मी मार्चमध्ये, शक्यतो मुलाच्या स्वतःच्या खात्यात.

आणि व्याजदर 7 चा 6 झाला तर? व्याज 1,80,000, मुद्दलात 27 हजार, खर्च 28 हजार, हातात 1,25,000. नऊ मुलांना 10 हजार कमी पडतात, ते त्या 15,500 मधून भरा. दर पुढच्या वर्षीही तसाच राहिला तर चालू मुलांना पूर्ण द्या आणि नवीन तीनऐवजी दोनच घ्या, हा ठराव आत्ताच मिनिट बुकात लिहून ठेवा, कारण त्या वेळी समोर फॉर्म भरलेली मुलं बसलेली असतील आणि कमिटीत कोणालाच नाही म्हणवणार नाही.