हिशेबात न धरलेली मालमत्ता

*ताई, मी 31 वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. हातात 90,000 येतात, त्यातले 60,000 एसआयपीत टाकते. 20 लाख जमलेत. चाळिशीत नोकरी सोडायची आहे. भाडं वाचावं म्हणून लांब राहते, रोज चार तास प्रवासात जातात. आता रविवारभर झोपूनही थकवा जात नाही, कामाचा तिटकारा आलाय. परवा बीपी 142/92 निघालं. पण वेग कमी केला तर सगळं लांबेल ना?*

लांबेल, साधारण एका वर्षाने. तुझ्या वर्षाच्या खर्चाच्या तीसपट रक्कम धरली तर लक्ष्य होतं 1 कोटी 8 लाख. महागाई वजा जाता 4 टक्के परतावा मिळाला, तर आजच्या वेगाने सव्वानऊ वर्षं लागतात. ऑफिसजवळ खोली घेऊन एसआयपी 52,000 वर आणलीस, तर दहा वर्षं चार महिने. जास्तीचं भाडं नोकरीपुरतंच आहे, म्हणून लक्ष्य बदललेलं नाही.

आता आजारपणाने सहा महिने घरी बसावं लागलं तर? 3 लाख 60 हजारांची बचत होणार नाही आणि 1 लाख 80 हजार साठ्यातून जातील. म्हणजे नऊ महिन्यांची बचत गेली. औषधपाणी आणि पुढच्या नोकरीत कमी मिळणारा पगार मी यात धरलेलाच नाही.

तुझ्या नेटवर्थमध्ये 20 लाख दिसतात. पण पुढच्या दहा वर्षांत तू एक कोटीहून जास्त कमावणार आहेस, आणि ते कमावणारं शरीर त्या हिशेबात कुठेच नाही. तुझी सर्वांत मोठी मालमत्ता तीच आहे गं, आणि चार तासांच्या प्रवासात तीच झिजतेय. भाड्याचे 8,000 मी तिच्या देखभालीत धरीन.

साधा थकवा चार दिवसांच्या सुट्टीत उतरतो. सुट्टीनंतरही उतरला नाही, कामाविषयी तुटलेपणा वाटू लागला आणि हातून पूर्वीसारखं काम होईना, तर ती बर्नआउटची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद करताना हीच तीन लक्षणं सांगितली. पण थकव्याचं कारण थायरॉइड किंवा कमी हिमोग्लोबिनही असू शकतं, म्हणून आधी रक्त तपासून घे. बीपीही एका मापावर ठरत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोज आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणखी एक. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घे आणि अर्जात बीपीचं माप लपवू नकोस, नाहीतर पुढे क्लेम अडकेल. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. तो पगार चालू असतानाच संपू दे.