बॅच संपल्यानंतरचे रात्रीचे नऊ

"मॅडम, सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स संपला, सर्टिफिकेटही आलं. पण रात्रीचे नऊ वाजले की जीव कासावीस होतो. ज्या सरांना कधी भेटले नाही, ज्या मैत्रिणींचे फक्त आवाज ओळखते, त्यांच्यासाठी रडू येतं. घरात सांगायची लाज वाटते. माझं काही बिघडलंय का?"

काही बिघडलेले नाही. समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हीच घालमेल मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांकडून, निवृत्तीनंतर संस्कृत शिकलेल्या आजोबांकडून आणि अनेक गृहिणींकडून ऐकली आहे, आणि प्रत्येकाला ती केवळ आपलीच वाटते. म्हणून एका ताईंचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून, येथे मांडते.

सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचे सासरचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊनही लग्नानंतर हिशेबाच्या वहीला त्यांचा हात लागला नव्हता. पुढे त्यांनी टॅली आणि जीएसटीचा ऑनलाइन कोर्स केला. नऊ ते साडेदहा थेट तास चाले आणि त्यानंतर बार्शी, पंढरपूर, लातूर येथील चौघींसह त्या दिवसाची उदाहरणे सोडवली जात. बॅच जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या सुमारास संपली. त्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेलाही त्या गेल्या नाहीत. घरची मंडळी बाहेर पडली की त्या जुनी रेकॉर्डिंग्ज लावून बसत, आणि पुढच्या बॅचला पुन्हा पूर्ण फी भरण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का होत आला होता.

रेकॉर्डिंग बघू नका, असे मी सांगितले नाही. मी एवढेच विचारले, "नेमका कोणता तास बघता?"

"खरेदीची बिलं २बीशी जुळवायचा."

"तो भाग अवघड जातो?"

"नाही, तो चांगला येतो."

"मग तोच का?"

बराच वेळ त्या बोटातली अंगठी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यात माझी चूक आहे."

चूक साधी होती. व्यापाऱ्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून खरेदीदारासाठी जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला खरेदीच्या बिलांची जी यादी तयार होते, ती २बी. सुताच्या व्यापाऱ्याने आपले विवरणपत्र उशिरा भरले, त्यामुळे त्याचे बिल त्या महिन्याच्या २बीमध्ये न येता पुढच्या महिन्याच्या २बीमध्ये आले. ताईंनी मात्र बिल हातात आहे म्हणून त्याच महिन्यात खरेदीवर दिलेल्या कराचे क्रेडिट धरले होते. सरांनी त्यांची शीट सर्वांसमोर उघडली आणि म्हणाले, "आधी चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधू." सगळ्यांनी मिळून ती ओळ शोधली, दुरुस्त केली आणि तास पुढे गेला.

"इतकंच?" मी विचारले.

"इतकंच. कुणी आवाज चढवला नाही. आमच्या दुकानात बिलाचा एक आकडा चुकला तर दिवसभर घर गप्प असतं." आणि मग, स्वतःशीच बोलावे तसे, "म्हणजे मला सर आठवत नाहीत, मॅडम. त्यांच्यासमोर न घाबरणारी मी आठवते."

या वाक्याची मी अनेक भेटी वाट पाहत होते, आणि ते माझ्या तोंडून न येता त्यांच्या तोंडून आले याचे मला आजही समाधान आहे. मी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांच्या वाटेने काम करणारी आहे. माणूस ज्याच्या आधाराने निर्भयपणे नवे काही करून बघतो, त्याच्याशी त्याचा जीव जडतो; त्या जडण्यासाठी प्रत्यक्ष भेटच व्हावी लागते असे माझ्या अनुभवास आलेले नाही. मात्र ऑनलाइन वर्गात दोन नाती एकमेकांत मिसळलेली असतात आणि निरोप घेण्यापूर्वी ती वेगळी करावी लागतात.

रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील निवेदकांविषयी प्रेक्षकांना वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच करून ठेवले आहे. रोज कानात पडणारा सरांचा आवाज, त्यांचे विनोद, "झोपा आता, उद्या भेटू" हे सारे संपूर्ण बॅचसाठी होते. शीटमधली ती ओळ मात्र ताईंचीच होती. हा फरक केला नाही, तर माणूस एक तर सगळाच भ्रम होता म्हणून स्वतःची लाज बाळगतो, किंवा सगळेच व्यक्तिशः घेऊन सरांच्या "ऑल द बेस्ट" एवढ्या उत्तराने दुखावतो. मी ताईंना घरून लिहून आणायला सांगितले की, सरांचे असे कोणते बोलणे होते जे दुसऱ्या कोणाला उद्देशून असूच शकत नव्हते. यादी छोटी निघाली, पण खरी निघाली, आणि रडूही त्यानंतर ओसरू लागले. पुन्हा फी भरण्याचा प्रश्नही तिथेच मिटला, कारण न शिकलेले काही उरले आहे का, याचे त्यांचे उत्तर "नाही" असे होते.

मग सरांना निरोपाचा संदेश लिहायचे ठरले. पहिला मसुदा फार लांब होता आणि "कृपया संपर्कात राहा" या विनंतीने संपत होता. अशी विनंती केली की निरोप आपल्या हातात राहत नाही, तो निळ्या खुणांवर अवलंबून राहतो. नव्या बॅचमध्ये गुंतलेल्या शिक्षकाला त्या विनंतीचे काय करावे हेही कळत नाही. शेवटी चार वाक्ये उरली: तो प्रसंग, त्यातून मिळालेले धैर्य, ते दुकानाच्या हिशेबात कुठे वापरणार, आणि नमस्कार. प्रश्न एकही नव्हता. सरांचे दोन ओळींचे उत्तर आले. ते आले नसते तरी संदेश अपुरा राहिला नसता.

मैत्रिणींचे दुःख वेगळे होते. शेवटच्या दिवशी पाचही जणींनी रोज नऊला भेटायचे ठरवले होते. पहिल्या आठवड्यात तिघी आल्या, नंतर कोणीच नाही, आणि ताईंनी ते स्वतःला लावून घेतले. गट कसे घडतात याचे चार टप्पे मानसशास्त्रज्ञ टकमन यांनी १९६५ मध्ये मांडले होते. १९७७ मध्ये त्यांनी आणि जेन्सन यांनी पाचवा, गट विसर्जित होण्याचा टप्पा त्यात जोडला. या पाचही जणींना दररोज एकत्र आणणारी गोष्ट उदाहरणांची शीट होती. ती संपली, म्हणून नऊची बैठक थांबली. माया आटली असा तिचा अर्थ नव्हता.

माझ्या सुचवण्यावरून ताईंनी एकच, तासाभराची समारोपाची बैठक बोलावली. प्रत्येकीने इतर चौघींना, तुझ्याकडून मी नेमके काय घेतले, हे एकेका वाक्यात सांगितले. "तुम्ही सगळ्या छान आहात" असे मोघम बोलायचे नाही, हा नियम आधीच ठरला होता. ज्यांना ग्रुप सोडायचा असेल त्यांनी कारण न देता सोडावा, हेही तेव्हाच बोलून झाले. माझ्या मते ही मोकळीक सर्वांत महत्त्वाची असते, कारण न बोलता ग्रुप सोडणाऱ्याच्या मनात अपराधीपणा आणि मागे राहणाऱ्याच्या मनात संशय वर्षानुवर्षे राहतो.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाकडे तपासते. उदासी ठरावीक वेळी येऊन ओसरत असेल, तर ती निरोपाची असते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर कोर्स हे केवळ निमित्त असू शकते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. ताईंच्या बाबतीत तसे नव्हते.

आता त्या दुकानाच्या खरेदीचा ताळा स्वतः करतात. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते, म्हणून त्यानंतरच्या रविवारी आपापल्या अडलेल्या नोंदी घेऊन मैत्रिणी ऑनलाइन भेटतात. बहुतेक वेळा तिघी असतात. लातूरच्या मैत्रिणीने नोकरी लागल्यावर ग्रुप सोडला, आणि ताईंनी तिला फोन करून नोकरीबद्दल विचारले, ग्रुप का सोडला हे विचारले नाही.