पाठपुरावा, स्मरणपत्र की विचारणा?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मेलवर अर्ज केला, आठवडा झाला, एचआरकडून काहीच उत्तर नाही. मी सध्या दुसऱ्या फौंड्रीत काम करते. मराठीत फॉलो-अप मेल लिहायचा आहे. त्याला 'पाठपुरावा' म्हणू की 'स्मरणपत्र'? आणि 'मी या पदासाठी योग्य आहे' असं पुन्हा लिहिलं तर फुशारकी वाटेल का?

उत्तर: दोन्ही नकोत. 'विचारणा' म्हणा.

'पाठपुरावा' आला 'पाठ पुरवणे' यातून, म्हणजे पाठ न सोडणे, मागे लागणे. चौकाचौकातल्या फलकांवर 'अमुक साहेबांच्या पाठपुराव्याने निधी मंजूर' असं वाचतो तेव्हा तो शब्द शोभतो, कारण तिथं चिकाटी मिरवायची असते. आठ दिवसांपूर्वी अर्ज केलेल्या माणसानं 'पाठपुरावा करत आहे' असं लिहिलं, की वाचणाऱ्याला आपल्या मागं कुणीतरी लागलंय असं वाटतं. 'स्मरणपत्र' हा कचेरीतला शब्द. तुमच्याकडे काम होतं, ते तुम्ही केलं नाही, म्हणून आठवण देतो, असा त्याचा अर्थ. उत्तर देणं हे ज्याच्यावर बंधन आहे त्याला स्मरणपत्र जातं. नोकरी मागणाऱ्याला तो हक्क नसतो. (तिसरा शब्द 'तगादा'. तो उधारीवाल्यांसाठी राहू दे.) 'चौकशी' चालला असता, पण 'त्याची चौकशी लागली' या वापरामुळं त्याला जरा पोलिसी वास येतो. 'अर्जाबाबत विचारणा' यात मात्र ना तक्रार आहे, ना घाई.

पण खरी तक्रार डोकावते ती मेलच्या पहिल्या वाक्यात. 'अद्याप आपले उत्तर आले नाही' हे व्याकरणानं शुद्ध आहे, पण 'अद्याप' या शब्दाला बातम्यांनी पार कडू करून टाकलंय. 'अद्याप कारवाई नाही', 'अद्याप पंचनामे नाहीत' हेच आपण रोज वाचतो. उत्तर आलं नाही हे समोरच्याला ठाऊक आहेच, ते सांगायचं कशाला? सरळ प्रश्न विचारा. प्रश्नाचं क्रियापदही बघून घ्या. 'कळवावे' हे विध्यर्थी रूप वरून खाली येणाऱ्या पत्रात जास्त दिसतं. 'ही विनंती' जोडल्यावर ते मऊ होतं, तरी परिपत्रकाची छटा राहतेच. 'कळू शकेल का?' यात समोरच्याला 'अजून ठरलं नाही' असं एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होता येतं, आणि तेवढं कळलं तरी तुमचं काम झालं.

आता 'योग्य'. फुशारकी वाटते याचं कारण वाक्याचा कर्ता. कोण योग्य हे घेणाऱ्यानं ठरवायचं असतं. 'मी योग्य आहे' म्हणून तुम्ही त्याचा निकाल आधीच लावून टाकता. 'पात्र' त्याहून अडचणीचा, कारण पात्रता म्हणजे पदवी, वर्षं, वयाची अट. ती बसली म्हणजे माणूस कामाचा असंच नाही. 'लायक'च्या मागं 'नालायक' उभाच असतो. म्हणून विशेषण सोडा आणि कर्ता बदला: जाहिरातीतलं एक काम उचला, तेच तुम्ही कुठं केलं ते लिहा.

मेल असा होईल (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घाला):

नमस्कार,

क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी मी ४ जून रोजी अर्ज पाठवला होता. तो कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळू शकेल का?

जाहिरातीत रिजेक्शन अ‍ॅनालिसिसचा अनुभव मागितला आहे. सध्याच्या फौंड्रीत मी तीन वर्षे हेच काम पाहते. ब्रेक ड्रमच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल येत होते, तेव्हा वाळूतला ओलावा दर तासाला तपासून नोंदवण्याची पद्धत मी सुरू केली. पुढच्या चार महिन्यांत हे रिजेक्शन ६ टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर आले.

बायोडेटा पुन्हा जोडला आहे. मुलाखतीसाठी दुपारी ३ नंतर येऊ शकते.

आपली,
(नाव, मोबाइल नंबर)

मधल्या परिच्छेदातली क्रियापदं बघा. पद्धत 'मी सुरू केली', रिजेक्शन मात्र 'आले'. 'मी रिजेक्शन साडेतीन टक्क्यांवर आणले' असं लिहिलं असतं तर शॉपमध्ये काम केलेला कुणीही मनात म्हणाला असता, मोल्डर आणि वाळू प्लँटवाले काय झोपले होते? उलट 'रिजेक्शन कमी झाले' एवढंच लिहिलं तर त्यात तुमचा हात कुठं होता तेच कळत नाही. केलं ते स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि परिणाम आपला आपण येऊ द्यायचा. ओलाव्याचा उल्लेखही उगाच नाही. वाळू जास्त ओली राहिली की ओतताना वाफ होते, तो वायू धातूत अडकतो आणि ब्लो होल पडतं. हे जाणणाऱ्याला तेवढ्या एका वाक्यात कळतं की तुम्ही नुसता तक्ता भरत नव्हता, कारणापर्यंत गेला होता. एकच उदाहरण द्या. तीन दिलीत तर तो दुसरा बायोडेटा होतो.

'पाहते' आणि 'येऊ शकते' याकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडं मुली सर्रास 'मी जातो, मी करतो' म्हणतात आणि त्यात काही गैर नाही. पण मेल वाचणारी एचआर कोल्हापूरचीच असेल असं नाही. वर 'पाहतो' आणि खाली 'आपली' आलं की तिला वाटेल, दुसऱ्याच्या मेलमधून उचललंय. 'अर्ज पाठवला होता', 'पद्धत सुरू केली' इथं हा प्रश्नच येत नाही, कारण ही क्रियापदं अर्जाप्रमाणं आणि पद्धतीप्रमाणं चालतात. 'महोदय' की 'महोदया' या पेचातून 'नमस्कार' असाच सोडवतो. शेवटी 'कृपाभिलाषी' लिहू नका. नोकरी ही कृपा नव्हे.

तारीख मात्र तारीखच लिहा. 'गेल्या मंगळवारी' म्हणजे परवाचा की त्याआधीचा, यावर घरातसुद्धा वाद होतो. जाहिरातीत अर्जाची शेवटची तारीख दिली असेल तर आठवडा तिच्यापासून मोजा. त्याआधी छाननी सुरू झालेलीच नसण्याची शक्यता जास्त.

नवा मेल लिहू नका. पाठवलेल्या मेलमधला तुमचाच अर्ज उघडून त्यावर रिप्लाय करा. जीमेलमध्ये तो मूळ पत्त्यावरच जातो, विषय `Re:` लागून तसाच राहतो आणि जुना अर्ज खाली दिसतो. विषय बदललात तर ही साखळी तुटते. म्हणजे 'विचारणा' हा शब्द विषयाच्या ओळीत घालायची वेळ बहुधा येणारच नाही. अर्ज पोर्टलवर भरला असता आणि एचआरला पहिल्यांदाच मेल करायचा असता, तर 'क्वालिटी इंजिनिअर पद: ४ जूनच्या अर्जाबाबत विचारणा' असा विषय लिहावा लागला असता. रिप्लायमध्ये जुनं अटॅचमेंट आपोआप जात नाही, त्यामुळं बायोडेटा परत जोडा, आणि 'पुन्हा जोडला आहे' हे वाक्य जोडल्यावरच लिहा.