यंदाच्या वाणासाठी तीळ

अगं, पहिलंच हळदीकुंकू आहे म्हणून तुळशीबागेतून डझनावारी प्लास्टिकचे डबे उचलू नकोस. रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या घरी तसेच तीन-चार जमतात आणि माळ्यावर जातात. संपणारी वस्तू दे, म्हणजे दोघींनी तेच वाण दिलं तरी अडत नाही. माझ्या मते तिळासारखं वाण नाही. खरिपाचं नवं पीक तोवर बाजारात आलेलं असतं.

चाळीस बायका धर. प्रत्येकीला शंभर ग्रॅम म्हणजे चार किलो. गुलटेकडीच्या भुसार बाजारातून बिनपॉलिशचे घे, पण घेण्याआधी चिमूटभर चावून बघ. मागाहून कडवट चव आली किंवा खवट वास आला तर ते जुने, सोडून दे. घरी आणल्यावर निवडून एक दिवस उन्हात पसर. ओलसर तीळ पिशवीत भरले की कुबट वास धरतात.

पिशव्यांसाठी रविवार पेठेतून छत्तीस इंच पन्ह्याचं मांजरपाट चार मीटर आण. सात बाय अठराचा तुकडा दुमडून दोन्ही बाजू शिवल्या आणि वर नाडीपट्टी केली की झालं. मीटरमध्ये दहा बसतात. शिवण बारीक टाक्याची हवी, नाहीतर तीळ गळतात. कापड आधी धुऊन घे, खळ निघून जाते. पुढे त्यात कढीपत्ता, लसूण काहीही राहतं, म्हणून वर नाव किंवा तारीख छापू नकोस.

जास्तीच्या पाच पिशव्या ठेवच आणि त्यांच्यासाठी अर्धा मीटर कापड नि अर्धा किलो तीळ वरचढ आण, कोणीतरी जावेला किंवा शेजारणीला घेऊन येतंच.